पीएस ४ विकण्याआधी: सेव्ह केबलने हलवणं, नवा टीव्ही लावणं आणि जुनं मशीन नीट पुसणं

दर दिवाळीच्या आसपास मला तेच फोन येतात. "दादा, पीएस ५ आणला, जुना विकला, पण गेममधली प्रगती गेली." बहुतेक वेळा कारणही तेच असतं. सगळी कामं केलेली असतात, पण क्रम चुकलेला असतो. गिऱ्हाईक संध्याकाळी येणार म्हणून दुपारी घाईने मशीन पुसलं जातं आणि नव्या मशीनवर गेम उघडून बघायची वेळ रात्री येते.

माझ्या कोथरूडच्या भाच्याचं असंच झालं. त्याच्याकडे ५०० जीबीचा पीएस ४ स्लिम होता. त्याने सेव्ह पीएस ५ वर हलवले, यादीत ते दिसले, आणि त्याने पीएस ४ पुसून टाकला. रात्री नवी आवृत्ती उघडली तर खेळ पहिल्या पानापासून सुरू. त्या गेममध्ये पीएस ४ ची आणि पीएस ५ ची आवृत्ती वेगळी होती. जुनी प्रगती नव्या आवृत्तीत आणण्यासाठी आधी जुन्या आवृत्तीच्या मेनूतून ती वर चढवावी लागत होती. नशिबाने एक प्रत पेन ड्राइव्हवर होती. नव्या मशीनवर जुनी आवृत्ती टाकून ते काम उलट्या बाजूने करता आलं, पण त्यात पूर्ण शनिवार गेला.

म्हणून खालचा क्रम बदलू नका. पीएस ४ वरून पीएस ५ वर जाणारा आणि जुना पीएस ४ दुसऱ्याला देणारा माणूस गृहीत धरून हे लिहिलं आहे. पडद्यावरची नावं इंग्रजीत दिसतात, त्यामुळे ती तशीच दिली आहेत.

## सुरुवातीला जमवाजमव

एक दिवस मोकळा ठेवा. पुण्यात राहत असाल तर गुरुवार टाळा. देखभालीसाठी वीज बंद ठेवायचा तो वार, आणि या कामातल्या दोन टप्प्यांत वीज गेलेली चालत नाही. जूनमधल्या वादळी संध्याकाळीही हे काम सुरू करू नका. घरी इन्व्हर्टर असेल तर दोन्ही मशीन त्याच्या सॉकेटवर लावा, पण आधी तो एवढा भार किती वेळ पेलतो ते बघून घ्या.

सामान थोडंच लागतं: एक लॅन केबल, एक पेन ड्राइव्ह आणि कंट्रोलरची यूएसबी केबल. तिन्हींत एकेक खोच आहे.

लॅन केबल साधी सरळ चालते, वेगळी 'क्रॉस' केबल शोधत बसू नका. मात्र तापकीर गल्लीतून घेताना टोकाचं पारदर्शक प्लॅस्टिक उजेडात धरून बघा. आत आठ तारा दिसायला हव्यात. जुन्या ब्रॉडबँडच्या काही केबलमध्ये चारच तारा असतात. त्या चालतात, पण वेग बराच कमी होतो. २०० जीबीचे गेम हलवायचे असतील तर आठ तारांच्या केबलने तासाभरात, सव्वा तासात होणाऱ्या कामाला चार तारांच्या केबलवर पाच तास लागतात.

पेन ड्राइव्ह `exFAT` किंवा `FAT32` मध्ये फॉरमॅट केलेला हवा. सेव्ह फाइली लहान असतात, ३२ जीबी भरपूर झाले. विंडोजवर तो `NTFS` मध्ये फॉरमॅट केलेला असेल तर पीएस ४ त्याला ओळखतच नाही, आणि लोकांना वाटतं पोर्ट बिघडला.

कंट्रोलरच्या केबलची चूक सगळ्यात जास्त वेळ खाते. मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेल्या काही केबल फक्त वीज नेतात, डेटा नेत नाहीत. कंट्रोलर चार्ज होताना दिसतो, पण मशीनशी जोडला जात नाही. मशीन पुसून झाल्यावर पहिल्याच पडद्यावर कंट्रोलर केबलने जोडायला सांगतात, आणि तिथे माणूस अडकून बसतो.

तपासा: कंट्रोलर बंद करा आणि केबलने कॉम्प्युटरला लावा. कॉम्प्युटरवर नवं उपकरण दिसलं तर केबल डेटा नेते.

एक गोष्ट पीएस ५ विकत घेण्याआधीच बघायची. डिस्क ड्राइव्ह नसलेला पीएस ५ घेतलात तर तुमच्या पीएस ४ च्या डिस्क तिथे चालणार नाहीत. सेव्ह हलतील, पण ते वापरायला गेम पुन्हा डिजिटल विकत घ्यावा लागेल. २०२३ मध्ये आलेल्या सडपातळ मॉडेलला डिस्क ड्राइव्ह नंतरही जोडता येतो. त्याआधीच्या डिजिटल मॉडेलला ती सोय नाही.

## टप्पा १: नवा टीव्ही आधी, मशीन नंतर

टीव्हीही नवा असेल तर आधी तो जुन्या पीएस ४ वर लावून बघा. ओळखीचं मशीन आणि अनोळखी टीव्ही असेल तर बिघाड कुठे आहे ते लगेच कळतं. दोन्ही अनोळखी असले की कळत नाही.

पीएस ४ वर चित्र नीट आलं की त्याच एचडीएमआय पोर्टवर पीएस ५ लावा, पण केबल मात्र पीएस ५ च्या खोक्यातलीच वापरा. जुनी केबल चित्र दाखवते, पण १२० हर्ट्झवर ती कमी पडते, आणि चित्र मधूनच काळं होतं. टीव्हीच्या सगळ्या एचडीएमआय पोर्टची क्षमता सारखी नसते. पोर्टशेजारी 4K 120Hz असं काही छापलेलं असेल तर तोच घ्या. मध्ये साउंडबार असेल तर सुरुवातीला तो काढून मशीन थेट टीव्हीला जोडा.

बऱ्याच टीव्हींमध्ये प्रत्येक एचडीएमआय पोर्टची पूर्ण क्षमता वेगळ्या सेटिंगमधून चालू करावी लागते. कंपनीनुसार तिचं नाव बदलतं: `Input Signal Plus`, `HDMI Deep Colour`, `HDMI signal format`. ती चालू करा, गेम मोड चालू करा, आणि मग पीएस ५ वर इथे जा:

```
Settings > Screen and Video > Video Output
```

तिथे टीव्ही काय काय स्वीकारतो ते दिसतं. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर आधी टीव्हीच्या चित्र-आकाराच्या सेटिंगमध्ये 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' शोधा. मशीनमधून पडदा लहान करणं हा शेवटचा उपाय, कारण त्याने चित्र आक्रसतं.

चित्रच आलं नाही तर: मशीन पूर्ण बंद करा. पॉवर बटण दाबून धरा, पहिला बीप लगेच येतो, दुसरा साधारण सात सेकंदांनी. दुसऱ्याला बटण सोडा. सेफ मोड उघडतो, कंट्रोलर केबलने जोडायला लागतो, आणि तिथून पीएस ४ वर `Change Resolution`, पीएस ५ वर `Change Video Output` निवडता येतं. त्याच यादीत मशीन पुसणारे पर्यायही आहेत, म्हणून ओळ नीट वाचूनच बटण दाबा.

## टप्पा २: पेन ड्राइव्हवर एक प्रत

लॅन केबलने सगळं जाणारच आहे, मग पेन ड्राइव्ह कशाला, असं वाटतं. भाच्याची प्रगती त्याच प्रतीमुळे वाचली. दहा मिनिटांचं काम आहे.

१. पीएस ४ अद्ययावत करा आणि तुमच्या अकाउंटने साइन इन करा.

२. ट्रॉफींच्या यादीत जाऊन `OPTIONS` बटण दाबा आणि `Sync Trophies With PlayStation Network` करा. ट्रॉफी सर्व्हरवर नसतील तर पुसताना त्या जातात.

३. पेन ड्राइव्ह लावा आणि या वाटेने जा:

```
Settings > Application Saved Data Management
  > Saved Data in System Storage
  > Copy to USB Storage Device
```

४. एकेक गेम निवडून कॉपी करा. काही गेम आपले सेव्ह यूएसबीवर कॉपी करू देत नाहीत. अशांची नावं कागदावर लिहून ठेवा, टप्पा ४ मध्ये त्यांच्याकडे जास्त लक्ष द्यायचं आहे.

५. स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ यांची काळजी वेगळी घ्या. `Capture Gallery` मधून ते यूएसबीवर घ्या. सेव्हच्या बरोबर ते जातील असं धरून चालू नका.

तपासा: पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावा. `PS4` नावाच्या फोल्डरमध्ये `SAVEDATA` फोल्डर असायला हवा, आणि त्याच्या आत काहीतरी असायला हवं. त्या फोल्डरचं नाव बदलू नका, आतली कुठलीही फाइल हलवू नका.

सावधान: सेव्ह अकाउंटला बांधलेले असतात. दादाच्या अकाउंटवरचे सेव्ह ताईच्या अकाउंटवर पेन ड्राइव्हने जात नाहीत. घरात तिघे खेळत असतील तर तिघांनी आपापल्या अकाउंटने हा टप्पा आणि पुढचाही टप्पा वेगवेगळा करायचा.

## टप्पा ३: लॅन केबलने हस्तांतरण

हा टप्पा पीएस ५ वर काहीही खेळण्याआधी करा. दोन्हीकडे एकाच गेमचे सेव्ह असले की कुठला ठेवायचा हा गोंधळ होतो, आणि चुकीचा पुसला जाऊ शकतो.

१. दोन्ही मशीन घरच्या एकाच वाय-फायला जोडा. दोन्हींवर एकच अकाउंट साइन इन असू द्या.

२. आता लॅन केबलचं एक टोक पीएस ४ मध्ये, दुसरं पीएस ५ मध्ये. राउटर मध्ये लागत नाही. वाय-फाय मात्र बंद करू नका, अकाउंट तपासायला इंटरनेट लागतं. ही गल्लत सर्रास होते. केबल लावली म्हणून लोक वाय-फाय तोडतात आणि मग मशीन एकमेकांना सापडत नाहीत.

३. पीएस ५ वर:

```
Settings > System > System Software > Data Transfer
```

४. पडद्यावर सांगितलं की पीएस ४ चं पॉवर बटण दाबून धरा. बीप ऐकू आला की सोडा. साधारण एक सेकंद पुरतो. बीपची वाट न बघता नुसतं टिचकी मारल्यासारखं दाबलं तर पीएस ४ स्टँडबायमध्ये जातो आणि पुन्हा सुरुवात करावी लागते.

५. काय हलवायचं ते निवडा. माझा सल्ला: सेव्ह सगळे निवडा, गेम मोजकेच. पडद्यावर अंदाजे वेळ दिसतो. फक्त सेव्ह हलवायला काही मिनिटं लागतात, गेमांना तास. डिस्कवरचा गेम हलवलात तरी खेळताना डिस्क लागतेच. आणि गेम एखाद्या बाहेरच्या यूएसबी हार्ड डिस्कवर असतील तर केबलची गरजच नाही. पीएस ४ मधून ती योग्य रीतीने बंद करून काढा आणि पीएस ५ ला लावा. पीएस ४ चे गेम तिच्यावरून तसेच चालतात.

६. काम संपेपर्यंत पीएस ४ ला हात लावू नका आणि केबल काढू नका.

वेळ सांगितल्यापेक्षा फार जास्त दिसली तर आधी केबलवर संशय घ्या. चार तारांची केबल किंवा नीट न बसलेलं टोक. टोक आत 'टक्' आवाज करून बसलं पाहिजे. लहान क्लिप तुटलेली केबल वापरू नका, मशीन जरा सरकलं की निसटते.

या हस्तांतरणाने पीएस ४ वरचं काही पुसलं जात नाही. तिथली मूळ प्रत जागेवरच असते. म्हणूनच पुढचा टप्पा शक्य होतो, आणि म्हणूनच तो गाळू नका.

## टप्पा ४: पुसण्याआधी प्रत्येक गेम उघडा

यादीत सेव्ह दिसणं पुरेसं नाही. पीएस ५ वर प्रत्येक महत्त्वाचा गेम उघडा, `Continue` किंवा `Load` दाबा, आणि तुमचा शेवटचा मुक्काम दिसेपर्यंत थांबा. थोडं खेळून नवा सेव्ह करा. मशीन बंद करून पुन्हा उघडा. तो सेव्ह अजून आहे का बघा.

इथे तीन शक्यता असतात. गेम पीएस ४ चाच असेल आणि पीएस ५ वर तोच चालत असेल तर सेव्ह तसाच उघडतो, बाकी काही करावं लागत नाही. गेमची वेगळी पीएस ५ आवृत्ती असेल तर जुन्या आवृत्तीच्या मुख्य मेनूत किंवा सेव्हच्या मेनूत प्रगती 'अपलोड', 'ट्रान्सफर' किंवा 'एक्स्पोर्ट' करण्याचा पर्याय शोधा, आणि नव्या आवृत्तीत ती उतरवून घ्या. हे काम पीएस ४ घरात असतानाच करून टाका. तिसरी शक्यता ऑनलाइन गेमांची. त्यांची प्रगती गेमच्या स्वतःच्या सर्व्हरवर असते. तिथे गेमचं वेगळं लॉगिन तुमच्या अकाउंटला जोडलेलं आहे ना, एवढंच बघायचं.

कागदावर लिहिलेले, यूएसबीवर न गेलेले गेम इथे पहिल्यांदा तपासा. त्यांची दुसरी प्रत कुठेच नाही.

एखादा सेव्ह आलाच नसेल तर पेन ड्राइव्ह पीएस ५ ला लावा:

```
Settings > Saved Data and Game/App Settings
  > Saved Data (PS4) > USB Drive
```

ध्यानात ठेवा, ही सोय पीएस ४ च्या सेव्हपुरतीच आहे. पीएस ५ च्या गेमांचे सेव्ह असे एकेक करून यूएसबीवर काढता येत नाहीत. त्यांची अशी वेगळी प्रत ठेवायची तर पीएस प्लसचं क्लाउड लागतं.

माझा नियम असा आहे की हा टप्पा आणि पुढचा टप्पा यांच्यात निदान एक रात्र जाऊ द्यायची. गिऱ्हाइकाला उद्या बोलवा.

## टप्पा ५: अकाउंट सोडवा

पुसण्याआधी जुनं मशीन तुमचं 'प्रायमरी' राहू देऊ नका:

```
Settings > Account Management
  > Activate as Your Primary PS4 > Deactivate
```

घरातल्या प्रत्येक अकाउंटसाठी हे करा. विसरलात आणि मशीन गेलंही, तर सोनीच्या वेबसाइटवर अकाउंटमध्ये सगळी उपकरणं एकदम निष्क्रिय करता येतात, पण ती सोय ६ महिन्यांतून एकदाच मिळते. ती आणीबाणीसाठी राखून ठेवा.

आता डिस्क काढा आणि बाहेरची हार्ड डिस्क काढा. पुढे जे पुसलं जाईल ते मशीनच्या आतल्या डिस्कवरचं असेल. बाहेरच्या डिस्कचा त्याच्याशी संबंध नाही.

## टप्पा ६: पूर्ण पुसणं

इथे तीन गोष्टींत लोक फसतात. नुसता `User` काढून टाकला म्हणजे मशीन रिकामं झालं असं होत नाही. `Restore Default Settings` फक्त सेटिंग मूळपदावर आणतं, डेटा तसाच राहतो. आणि `Quick` पद्धतीने पुसलेला डेटा खास सॉफ्टवेअरने परत मिळू शकतो. अनोळखी माणसाला मशीन देणार असाल तर `Full` हाच पर्याय:

```
Settings > Initialization > Initialize PS4 > Full
```

याला कित्येक तास लागतात, डिस्क मोठी असेल तर आणखी. मध्ये थांबवता येत नाही, आणि वीज गेली तर मशीन अर्धवट अवस्थेत अडकू शकतं. रात्री जेवण झाल्यावर सुरू करून सकाळी बघणं सगळ्यात सोयीचं. मशीन कपाटाच्या बंद कप्प्यात ठेवू नका, इतका वेळ डिस्क सतत चालते आणि गरम होते. टीव्ही बंद केला तरी चालतो, मशीनचा प्लग आणि सॉकेटचं बटण मात्र घरातल्यांना दाखवून ठेवा. सकाळी सवयीने बटणं बंद करणारं कोणीतरी प्रत्येक घरात असतं.

तपासा: शेवटी भाषा निवडायचा किंवा कंट्रोलर केबलने जोडायचा पडदा दिसला पाहिजे. तुमचं नाव कुठेही दिसता कामा नये.

## टप्पा ७: नव्या मालकाच्या हातात

गिऱ्हाईक पिंपळे सौदागरवरून गाडी काढून येतं, त्याला गेम चालताना बघायचा असतो. तो हक्क त्याचा आहे. त्यासाठी पुन्हा स्वतःचं अकाउंट टाकू नका, आणि घरच्या वाय-फायचा पासवर्डही टाकू नका. सुरुवातीच्या सेटअपमध्ये इंटरनेट वगळा, अकाउंट वगळा, साधा स्थानिक यूजर तयार करा. डिस्कवरचा एखादा गेम घाला. तो नेटशिवाय डिस्कवरून चढतो आणि चालतो. डिस्क ड्राइव्ह, पंख्याचा आवाज, कंट्रोलरची प्रत्येक काडी आणि बटण त्याला बघू द्या. झाल्यावर पुन्हा `Initialize PS4` करा. या वेळी `Quick` चालेल, कारण आत तुमचं काही नाही.

कंट्रोलर देणार असाल तर तो आधी तुमच्या इतर उपकरणांपासून तोडा. मागच्या बाजूला `L2` जवळ एक बारीक भोक आहे. कंट्रोलर बंद असताना सिमच्या पिनने आतलं बटण पाच सेकंद दाबा. मग नवा मालक केबलने जोडेल. पीएस ४ चा कंट्रोलर पीएस ५ वर फक्त पीएस ४ चे गेम खेळायला चालतो, त्यामुळे दुसरा कंट्रोलर असेल तर एक स्वतःकडे ठेवायलाही हरकत नाही.

बिलाची प्रत देताना त्यावरचा मशीनचा अनुक्रमांक मशीनच्या मागच्या क्रमांकाशी जुळतो का ते दोघांनी मिळून बघा. फोन नंबर आणि पत्ता झाकून प्रत काढा.

गिऱ्हाईक गेल्यावर वेबसाइटवर तुमच्या अकाउंटची उपकरणांची यादी उघडा. तिथे जुना पीएस ४ दिसत नाही ना ते बघा. पेन ड्राइव्ह मात्र लगेच फॉरमॅट करू नका. निदान महिनाभर तो तसाच ड्रॉवरमध्ये ठेवा. क्वचित खेळला जाणारा एखादा जुना गेम तुम्ही तीन आठवड्यांनी उघडाल, आणि टप्पा ४ मध्ये नेमका तोच तपासायचा राहिलेला असेल.